कार्ल्याच्या खांबावरचा यवन: प्राचीन भारतात परका माणूस कशावरून ओळखत?

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या त्या भव्य प्रार्थनागृहात, दोन्ही बाजूंच्या खांबांवर ब्राह्मी लिपीतले छोटे छोटे लेख कोरलेले आहेत. कोणता खांब कोणी दान दिला, एवढेच ते सांगतात. त्यांतला एक लेख असा आहे: ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं’. धेनुकाकट गावच्या सिहधय नावाच्या यवनाने हा खांब दिला, असा त्याचा अर्थ. असे यवन दाते त्या लेण्यात एकाहून अधिक आहेत.

हे वाचून आजचा मराठी वाचक बुचकळ्यात पडतो. बखरींमुळे आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांमुळे ‘यवन’ म्हणजे मुसलमान हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते, आणि हे लेणे तर इस्लामच्या उदयाच्या पाचशे वर्षे आधीचे आहे. मार्गदर्शक सांगतो की यवन म्हणजे ग्रीक. मग दुसरा प्रश्न उभा राहतो. ग्रीक असेल तर त्याचे नाव असे देशी कसे, तो बौद्ध संघाला दान कसे देतो, आणि एवढे सगळे करूनही त्याला ‘यवन’ का म्हणायचे? गोरा दिसत होता म्हणून? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या काळी आपल्याकडे परका माणूस कसा ओळखत, हे समजले की बाकीच्या प्रश्नांचाही बराचसा उलगडा होतो.

### आधी शब्द

ग्रीकांची एक शाखा आशिया मायनरच्या किनाऱ्यावर, आयोनिया नावाच्या प्रदेशात राहत होती. इराणी सम्राटांशी पहिला संबंध याच लोकांचा आला, म्हणून इराण्यांनी सगळ्याच ग्रीकांना ‘यौन’ म्हटले. तोच शब्द आपल्याकडे प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या बोलभाषांत, ‘योन’ किंवा ‘योनक’ झाला आणि संस्कृतात ‘यवन’ झाला. पुढे वायव्येकडून आणि समुद्रमार्गे येणाऱ्या इतर परक्यांनाही तोच शब्द लागू लागला आणि काही शतकांनी तो मुसलमानांपर्यंत पोहोचला.

त्याच्या जोडीचा ‘म्लेच्छ’ हा शब्द मात्र कोणत्याही प्रदेशावरून आलेला नाही. जुन्या वापरात तो बोलण्याशी जोडलेला आहे.

### पहिली खूण: जिभेवरचा ‘र’

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात एक कथा आहे. देव आणि असुर ही दोघेही प्रजापतीचीच लेकरे, म्हणजे सख्खे भाऊ. त्यांच्यात वाणीवरून भांडण होते आणि वाणी देवांच्या बाजूला जाते. वाणी गमावलेले असुर ‘हेऽलवो हेऽलवः’ असे काहीतरी ओरडत पराभूत होतात. म्हणायचे होते ‘हे अरयः’, म्हणजे ‘अरे शत्रूंनो’. ‘र’च्या जागी ‘ल’ आला, ‘य’च्या जागी ‘व’ आला, आणि तेवढ्याने घात झाला. म्हणून ब्राह्मणाने ‘म्लेच्छन’ करू नये, असे तो ग्रंथ बजावतो. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की म्लेच्छ ही इथे जात किंवा जमात नाही. ती एक क्रिया आहे, अशुद्ध बोलण्याची क्रिया.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला व्याकरणकार पतंजली हीच गोष्ट आपल्या महाभाष्याच्या आरंभी सांगतो आणि त्यातून व्याकरण शिकण्याचे एक कारण काढतो: ‘म्लेच्छा मा भूमेत्यध्येयं व्याकरणम्’, आपण म्लेच्छ होऊ नये म्हणून व्याकरण शिकावे. आपण म्लेच्छ ‘होऊ’ शकतो, हे त्याने गृहीत धरले आहे. ज्या गोष्टीपासून अभ्यासाने वाचता येते, ती गोष्ट कातडीत असूच शकत नाही.

मराठी माणसाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. फोनवर दोन वाक्ये ऐकली की समोरचा माणूस कुठल्या बाजूचा आहे, हे आपण ओळखतो. ‘पाणी’चे ‘पानी’ झाले किंवा ‘बाळ’चे ‘बाल’ झाले की मनात एक नोंद होते. फोनवर चेहरा दिसत नाही, तरीही आपला आणि बाहेरचा हा निवाडा क्षणात होऊन जातो. ‘र’ आणि ‘ल’ यांचा त्या काळचा भेद नेमका असा होता.

याच भेदाची एक गंमत सम्राट अशोकाच्या लेखांत दिसते. गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे त्याच्या राज्याच्या गाभ्यात, कोरलेल्या लेखांत ‘राजा’ हा शब्द ‘लाजा’ असा येतो, कारण मगधाकडची बोलीच तशी होती. म्हणजे शतपथातल्या कसोटीला बसायचे ठरवले तर पाटलिपुत्राचा सम्राटही नापास होईल. कोणी त्याला परदेशी म्हणाले नसते हे उघड आहे. पण शुद्ध उच्चाराचा आग्रह धरणाऱ्या पंडिताच्या कानाला ती बोली खटकली असणार, हेही तितकेच उघड आहे. भाषेची रेघ देशाच्या सीमेवरून जात नव्हती. ती घरातूनही जात होती.

परकी भाषा येणे हा मात्र दोष नव्हता. वारणावताला निघालेल्या युधिष्ठिराला विदुराने लाक्षागृहाच्या कटाची सूचना म्लेच्छ भाषेत दिली आणि ती त्याला कळली, असे महाभारतात आहे. दोघांनाही ती येत होती, आणि त्यावरून त्यांना कोणी म्लेच्छ म्हटले नाही.

### दुसरी खूण: ताट आणि संस्कार

बोलण्यानंतर येते ते वागणे. इथेही पतंजलीनेच आपल्यासाठी एक अनमोल तपशील जपून ठेवला आहे, आणि तोही व्याकरणाच्या एका रुक्ष चर्चेत. पाणिनीचे एक सूत्र सांगते की जे शूद्र ‘अनिरवसित’ आहेत, म्हणजे बाहेर काढलेले नाहीत, त्यांच्या नावांचा जोडशब्द एकवचनात होतो. प्रश्न येतो की बाहेर काढलेले म्हणजे कुठून बाहेर काढलेले? आर्यावर्तातून म्हणावे, तर ‘शकयवनम्’ हा रूढ शब्द सिद्ध होत नाही, कारण शक आणि यवन आर्यावर्ताच्या बाहेरचे. एकेक पर्याय तपासत पतंजली शेवटी स्वयंपाकघरात येऊन थांबतो. ज्यांनी जेवल्यावर भांडे संस्काराने शुद्ध होते ते अनिरवसित, आणि ज्यांनी जेवल्यावर ते कशानेही शुद्ध होत नाही ते निरवसित.

या कसोटीवर शक आणि यवन ‘आत’ येतात. त्यांच्या जेवणाचे भांडे शुद्ध करून पुन्हा वापरता येते. हाच पतंजली दुसऱ्या एका जागी नुकत्याच घडलेल्या घटनेचे उदाहरण म्हणून ‘अरुणद् यवनः साकेतम्’ असे वाक्य देतो, म्हणजे यवनाने साकेताला वेढा घातला. यवन हा त्याच्या डोळ्यांपुढचा, शहराला वेढा घालणारा शत्रू होता, आणि तरीही त्याचे ताट टाकून देण्याइतके अपवित्र ठरले नाही.

संस्कारांचा विचार मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात अधिक उघडपणे येतो. पौंड्रक, ओड्र, द्रविड, कांबोज, यवन, शक, पारद, पल्हव, चीन, किरात, दरद ही सगळी मुळात क्षत्रिय कुळे होती, पण धार्मिक क्रिया सोडल्यामुळे आणि ब्राह्मणांचे दर्शन न घडल्यामुळे ती हळूहळू खालावली, असे तिथे म्हटले आहे. ही यादी सावकाश वाचावी. तिच्यात दक्षिणेचे द्रविड आहेत, पूर्वेचे ओड्र म्हणजे ओडिशाकडचे लोक आहेत, डोंगरातले किरात आहेत आणि वायव्येचे यवन आहेत. काळा, सावळा, पिवळसर, गोरा असे सगळे वर्ण एका ओळीत बसवले आहेत. रंगावर कोणी याद्या केल्या असत्या तर द्रविड आणि यवन एकाच यादीत येऊच शकले नसते. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच आहे, आणि ती ‘क्रियालोप’ या शब्दात मनूनेच सांगितली आहे.

### तिसरी खूण: केस आणि कपडे

हरिवंशात सगर राजाची कथा येते. त्याने शक, यवन, कांबोज, पारद, पल्हव यांचा पराभव केला. वसिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांना जीवदान दिले, पण शिक्षा म्हणून त्यांचे रूप बदलले. शकांचे अर्धे डोके मुंडले, यवनांचे आणि कांबोजांचे पूर्ण मुंडले, पारदांना केस मोकळे सोडायला लावले आणि पल्हवांना दाढी ठेवायला लावली. त्याबरोबर त्यांचे वेदाध्ययन आणि यज्ञही बंद केले. परकी माणसे अशी का दिसतात, याचे स्पष्टीकरण देण्यासाठी रचलेली ही कथा आहे. सांगणाऱ्याला डोळ्यांपुढे काय दिसत होते, हे तीतून कळते: न्हाव्याचे काम. त्वचेच्या रंगाचा उल्लेखही तीत नाही.

कपड्यांचेही तसेच होते. मथुरेला सापडलेला कुषाण सम्राट कनिष्काचा पुतळा मस्तकाविना आहे, पण घेरदार लांब अंगरखा आणि जाडजूड बूट पाहताच हा माणूस गंगेकाठचा नव्हे, हे समजते. आणि या खुणेचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सूर्याची मूर्ती कशी घडवावी हे सांगताना तिला ‘उदीच्य वेष’, म्हणजे उत्तरेकडच्यांचा पोशाख, द्यावा आणि पायांपासून छातीपर्यंतचे अंग झाकावे, असे सांगितले. म्हणूनच अनेक जुन्या सूर्यमूर्तींच्या पायांत बूट दिसतात. परक्याचा पोशाख देवाच्या अंगावर चढला.

### एकाच डोंगरावरचे दोन लेख

आता हे सगळे एका जागी पाहू. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात एका दात्याचा लेख आहे. सुरुवातीला तो आपली ओळख सांगतो: ‘ओतराह’, म्हणजे उत्तरेकडचा, ‘दातामितियक’, म्हणजे दत्तामित्री नगरीचा, ‘योणक’, धम्मदेवाचा पुत्र, इंद्राग्निदत्त. आपण लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी खोदवून घेतल्याचे तो सांगतो आणि सोबत आपला मुलगा धम्मरक्षित याचेही नाव देतो.

या ओळखीतला प्रत्येक शब्द तपासून पाहावा. दिशा, गाव, जमात, बाप, नाव. गावाचे नाव परक्या राजाची आठवण करून देणारे आहे, बापाचे नाव बौद्ध वळणाचे आहे आणि दात्याचे स्वतःचे नाव इंद्र आणि अग्नी या वैदिक देवांवरून आलेले आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. जिभेची खूण पुसली गेली आहे, आचाराची पुसली गेली आहे, आणि उरले आहे फक्त मूळ ठिकाणाचे लेबल, तेही त्याने स्वतःहून लावलेले. कार्ल्याच्या सिहधयाचेही तेच. आपल्याकडे एखादे घराणे चार पिढ्या पुण्यात राहूनही ‘नागपूरकर’ म्हणून ओळखले जाते, तसा हा ‘यवन’ आहे. नावे इतकी देशी असल्याने हे लोक खरोखर ग्रीक वंशाचे होते का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तो वाद होऊ शकतो, हाच या पद्धतीचा परिणाम आहे.

त्याच डोंगरावर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात दुसरा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरवला. त्यात ती आपल्या दिवंगत मुलाला ‘सकयवनपल्हवनिसूदन’ म्हणजे शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा म्हणते, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हणते आणि चार वर्णांचा संकर थांबवणारा म्हणते. क्षहरात म्हणजे नहपान या शक क्षत्रपाचे, म्हणजे प्रांताधिपतीचे, घराणे. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावात नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांची चिन्हे उमटलेली त्या नाण्यांवर आजही दिसतात.

म्हणजे यवनांच्या संहाराचा अभिमान मिरवणारा लेख आणि यवनाने आनंदाने दिलेल्या दानाचा लेख एकाच डोंगराच्या एकाच रांगेत आहेत. वैर राज्याचे होते. आणि तेही कायमचे नव्हते: याच सातवाहन घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक या शक राजकुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी होती, असे कान्हेरीचा लेख सांगतो. जुनागढच्या खडकावर शके 72 चा, म्हणजे इ. स. 150 च्या सुमाराचा, याच कुळातल्या रुद्रदामनचा लेख आहे. तो शुद्ध, अलंकृत संस्कृतातला आपल्याला माहीत असलेला पहिला मोठा राजलेख मानला जातो, आणि त्यात राजाच्या व्याकरणज्ञानाचीही स्तुती आहे. ‘म्लेच्छ होऊ नये म्हणून व्याकरण शिकावे’ हा पतंजलीचा सल्ला एका शक राजाने असा मनावर घेतला.

### पण ऋग्वेदात ‘काळी त्वचा’ आहे ना?

आहे. ‘त्वचं कृष्णाम्’ हे शब्द तिथे येतात, आणि ते लपवण्याचे काही कारण नाही. त्यांचा अर्थ खरोखर कातडी असा घ्यायचा, की अंधाराचे रूपक म्हणून घ्यायचा, यावर मतभेद आहेत. मात्र ज्या शब्दावर एकोणिसाव्या शतकात मोठा डोलारा उभा राहिला, तो पाचव्या मंडलातला ‘अनासः’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. युरोपीय पंडितांनी तो ‘अ-नास’ असा फोडून दस्यूंना, म्हणजे ऋग्वेदातल्या शत्रूंना, ‘बिननाकाचे’, म्हणजे चपट्या नाकाचे, ठरवले. वेदांचे जुने भाष्यकार सायणाचार्य यांनी तो शब्द ‘अन्-आस’ असा फोडला होता, म्हणजे तोंड नसलेले, वाणी नसलेले. त्याच ऋचेत पुढे दस्यूंना ‘मृध्रवाच्’, म्हणजे वाईट वाणीचे, म्हटले आहे. तेव्हा मला तरी सायणांचे म्हणणे अधिक पटते. दस्यूंची इतर विशेषणे पाहिली तर ‘अव्रत’, ‘अकर्मा’, ‘अन्यव्रत’ अशी सापडतात. व्रत वेगळे, कर्म नाही, ही खरी तक्रार आहे.

### आणि ‘वर्ण’ म्हणजे रंगच की

शब्दाचा तो अर्थ आहेच, आणि रंग लोकांना दिसत नव्हता असा माझा दावा नाही. नाट्यशास्त्र तर नटांना कोणता रंग फासावा, हेही सांगते. शक, यवन, पल्हव आणि बाल्हिक बहुधा गोरे दाखवावेत. किरात, आंध्र, द्रविड, पुलिंद, दाक्षिणात्य आणि त्यांच्याबरोबर काशी आणि कोसल इथले लोक बहुधा सावळे दाखवावेत. काशी आणि कोसल म्हणजे संस्कृतीचा गाभा, ते सावळ्यांत. शक-यवन म्हणजे बाहेरचे; ते गोऱ्यांत. रंग बारकाईने पाहिलेला आहे, पण आतला आणि बाहेरचा ही रेघ त्याच्यावरून ओढलेली नाही.

गोरेपणाचा मोह मात्र होता. बाजारात उडदाच्या राशीसारखा काळा माणूस बसलेला पाहून ‘हा ब्राह्मण आहे’ असे कोणी समजत नाही, असे पतंजली एके ठिकाणी सहज लिहून जातो. हा समाजाच्या आतल्या उतरंडीतला अंदाज आहे, आणि तो वाचताना आजही बोचतो.

### म्हणजे तो काळ अधिक उदार होता?

असे म्हणता येणार नाही. खुणा बदलता येण्याजोग्या होत्या, म्हणून काहींना वाट मिळाली, विशेषतः ज्यांच्याकडे सैन्य, विद्या किंवा पैसा होता त्यांना. वराहमिहिराने जपलेल्या एका श्लोकात म्हटले आहे की यवन म्लेच्छ खरे, पण ज्योतिषशास्त्र त्यांच्याकडे नीट प्रतिष्ठित आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. ही वाट सर्वांना नव्हती. मनू यवन-शकांच्या यादीच्या लगेच पुढच्या श्लोकात सांगतो की चार वर्णांच्या बाहेरच्या जमाती म्लेच्छ भाषा बोलोत किंवा आर्य भाषा बोलोत, त्या सगळ्या दस्यूच. भाषा शिकूनही जे आत येऊ शकत नव्हते, त्यांच्यासाठी ही ओळ लिहिली आहे.

आणि पतंजलीच्या त्या भांड्याकडे पुन्हा वळले, तर ते कोण होते हेही कळते. निरवसित म्हणून, म्हणजे ज्यांच्या जेवणाचे भांडे कोणत्याही संस्काराने शुद्ध होत नाही म्हणून, तो चंडाल आणि प्रेते सांभाळणारे मृतप यांची नावे घेतो. हे लोक मोठ्या वस्त्यांच्या आतच राहतात, असेही तो त्याच चर्चेत सांगतो. साकेताला वेढा घालायला आलेल्या यवनाचे भांडे घासूनपुसून पुन्हा चुलीवर चढत होते, आणि गावातल्याच, गावचीच भाषा बोलणाऱ्या चंडालाचे भांडे फेकून दिले जात होते.